एक पर्याय बाद झाला, आता तुक्का मारायचा का? फोटोतल्या प्रश्नपत्रिकेवर निर्णय घेण्याची पद्धत

निगेटिव्ह मार्किंग असलेली प्रश्नपत्रिका. चारपैकी एक पर्याय चुकीचा आहे हे कळलंय, उरलेल्या तिघांतला बरोबर कोणता ते कळत नाही. गोल रंगवायचा की प्रश्न सोडून द्यायचा? मी मुलांकडून सराव करून घेतो आणि या एका जागी दोन ठरावीक उत्तरं ऐकतो. एक म्हणतो, "एक गेला ना, मग मारायचाच." दुसरा म्हणतो, "शंभर टक्के खात्री नाही, तर हात लावायचा नाही." दोघांनीही सूचनांचं पान उघडलेलं नसतं. त्यात हल्ली सराव बहुतेक फोटोंवर होतो: कुणीतरी मागची प्रश्नपत्रिका मोबाइलवर टिपतो आणि पानं एकेक करून फिरतात. अशा फोटोत निर्णयाला लागणारी माहितीच अनेकदा कापलेली असते. म्हणून हिशोब नंतर, आधी फोटो.

टप्पा १: गुणांची अट फोटोतून नीट काढा

सूचना असलेलं पहिलं पान तुमच्याकडे आहे का ते पाहा. फोटो काढणारा बहुधा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, त्यामुळे नेमकं हेच पान गायब असतं. ते मागवून घ्या. "निगेटिव्ह असेलच, एक-चतुर्थांश धरू" असं धरून चालू नका.

पान मिळालं की चार गोष्टी कागदावर लिहा: बरोबर उत्तराला किती गुण, चुकीच्या उत्तराला किती वजा, कोरं सोडलं तर काय, आणि ही अट सगळ्या विभागांना सारखीच आहे का.

दुसऱ्या गोष्टीत सर्वात जास्त चुका होतात. छोट्या अक्षरात छापलेला अपूर्णांक अंधुक फोटोत १/३ आहे, १/४ आहे की १/२, हे कळत नाही. एक पर्याय बाद होऊन तीन उरले असतील, तर १/३ आणि १/४ यांच्या घोळाने निर्णय बदलत नाही, फायदा थोडा कमी-जास्त होतो इतकंच. पण तो अपूर्णांक १/२ असेल तर सगळं चित्र बदलतं. म्हणून फोटो मोठा करून निदान एवढं तरी ठरवा, की रेषेखालचा आकडा दोन आहे की दोनापेक्षा मोठा.

वाक्यही शब्दागणिक वाचा. "१/३ गुण वजा" आणि "त्या प्रश्नाच्या गुणांच्या १/३ गुण वजा" या वेगळ्या अटी आहेत. प्रश्न दोन गुणांचा असेल तर पहिल्या अटीत ०.३३ जातात, दुसऱ्या अटीत ०.६७. काही ठिकाणी अट शब्दांत असते: "दर चार चुकीच्या उत्तरांमागे एका बरोबर उत्तराचे गुण वजा." ही एक-चतुर्थांशाचीच अट आहे.

तपासा: एकूण गुणांना एकूण प्रश्नांनी भागा. १०० प्रश्न आणि २०० गुण असतील तर प्रश्नाला सरासरी दोन गुण. भागाकार पूर्ण येत नसेल तर विभागांचे गुण वेगळे असण्याची शक्यता दाट आहे, किंवा एखादं पान तुमच्याकडे आलेलंच नाही.

टप्पा २: प्रश्न पूर्ण दिसतोय याची खात्री करा

मराठी वाक्यात नकार शेवटी येतो. "खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?" यातला "नाही" ओळीच्या टोकाला, आणि ओळीचं टोक शिवणीकडे वळलेल्या पानाच्या सावलीत. फोटोत उरतं "खालीलपैकी कोणते विधान बरोबर". वाक्य अर्थाला पूर्ण वाटतं, म्हणून शंकाही येत नाही. मग तुम्ही चुकीचं विधान ओळखता, ते बाद करता, आणि बरोबर उत्तरच हातचं घालवता.

याच धर्तीचा एक नमुना प्रश्न घेऊ. पुढच्या टप्प्यांत तोच वापरणार आहे.

"खालीलपैकी कोणत्या ग्रहाची सरासरी घनता सर्वात ▒▒▒ आहे?"
(अ) बुध (ब) शुक्र (क) पृथ्वी (ड) शनी

तो डाग पडलेला शब्द "जास्त" की "कमी"? "कमी" असेल तर उत्तर सरळ शनी, कारण शनीची सरासरी घनता पाण्यापेक्षाही कमी आहे. "जास्त" असेल तर पहिला बाद होणारा पर्याय तोच. एका शब्दावर बाद होणारा पर्याय आणि बरोबर उत्तर यांची अदलाबदल होते.

प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिसतंय का आणि चारही पर्यायांची अक्षरं दिसतायत का, हे बघायची सवय लावा. उजवीकडचा रकाना कापला गेला असेल तर "तीन उरले" असं वाटेल, पण त्यातला एक तुम्ही बाद केलेला नसून फोटोने खाल्लेला असेल. असा प्रश्न सरावातून काढूनच टाका. अंदाजाने पूर्ण करू नका.

सावध: फोटोत आधीच्या कुणीतरी पेन्सिलने केलेल्या खुणा असतात. त्या पाहून एखादा पर्याय "बाद" वाटला तर ते तुमचं ज्ञान नाही, आणि त्या माणसाला किती येत होतं हे तुम्हाला माहीत नाही. खुणा असलेले प्रश्न वेगळे ठेवा.

आणखी एक. काही परीक्षांत पाचवा गोल "हा प्रश्न सोडवलेला नाही" यासाठी असतो, आणि एकही गोल रंगवला नाही तरी गुण कापले जातात. तो पाचवा पर्याय मोजणीत धरू नका. तिथे "कोरं सोडणं" म्हणजे तो पाचवा गोल रंगवणं.

टप्पा ३: पर्याय नक्की कशावर बाद केला ते स्वतःला सांगा

पर्याय बाद केल्यावर एक वाक्य मनात म्हणा: "हा चुकीचा आहे, कारण…" कारणाच्या जागी एखादी ठाम गोष्ट आली तर ते बाद करणं पक्कं. "शनी बाद, कारण त्याची घनता पाण्याहून कमी आहे" हे पक्कं. गणितात "उत्तर विषम यायला हवं आणि हा पर्याय सम आहे" हे पक्कं. "हा जरा विचित्र वाटतो", "हे नाव कधी ऐकलं नाही", "मागचं उत्तर पण हेच अक्षर होतं" ही कारणं नव्हेत. "कधी ऐकलं नाही" हे तर विशेष घातक आहे, कारण जे आपण वाचलेलं नाही तेच उत्तर असलेले प्रश्न अभ्यास न झालेल्या भागातून येतात, आणि अडकतोही आपण तिथेच.

याचा हिशोबाशी थेट संबंध आहे. चारातला कुठलाही एक पर्याय डोळे मिटून बाद केला, तरी २५ टक्के वेळा तोच बरोबर उत्तर असतो. म्हणजे तुमचं बाद करणं चारात एकदा चुकत असेल, तर तुम्ही काहीच बाद केलेलं नाही. तुम्ही अजून चारांतच आहात, फक्त तीनांत असल्यासारखं वाटतंय.

उत्तरासमोर खूण करा: कारण सांगता आलं तर "प" (पक्कं), नाही तर "वा" (वाटलं). ही दोन अक्षरं सातव्या टप्प्यात लागतील.

टप्पा ४: एक गेला, त्याच्यासोबत आणखी कोणी जातो का?

ही पायरी जवळजवळ सगळे विसरतात, आणि फुकटचा फायदा इथेच आहे.

पर्यायांत "वरील सर्व" असेल आणि तुम्ही (अ) पक्का बाद केला असेल, तर "वरील सर्व"ही गेला. उरले दोन.

जोडीचे पर्याय असतील तर आणखी बघा. पर्याय असे आहेत: फक्त १ आणि २, फक्त २ आणि ३, फक्त १ आणि ३, तिन्ही. विधान ३ चुकीचं आहे एवढंच तुम्हाला माहीत आहे. तर ३ असलेले तिन्ही पर्याय बाद, आणि उत्तर हातात. इथे तुक्क्याचा प्रश्नच उरत नाही. उलट, विधान ३ बरोबर आहे एवढंच माहीत असेल तर "फक्त १ आणि २" हा एकच जातो आणि तीन उरतात.

तपासा: पुढे जाण्याआधी उरलेल्या पर्यायांची संख्या पुन्हा मोजा आणि लिहा. पुढचा हिशोब त्याच आकड्यावर आहे.

टप्पा ५: हिशोब

नियम एका ओळीत: उरलेल्या पर्यायांच्या संख्येतून एक वजा करा, येणाऱ्या आकड्याला चुकीच्या उत्तराच्या दंडाने गुणा. हा गुणाकार बरोबर उत्तराच्या गुणांपेक्षा लहान असेल तर तुक्का फायद्याचा, मोठा असेल तर तोट्याचा, सारखा असेल तर ना नफा ना तोटा.

कारण साधं आहे. तीन उरले असताना असे तीन प्रश्न मारले, तर सरासरीने एक बरोबर येतो आणि दोन चुकतात. एका बरोबरचे गुण दोन चुकांच्या दंडापेक्षा जास्त हवेत.

चारांतून एक पक्का बाद होऊन तीन उरले, तर एका गुणाच्या प्रश्नावर चित्र असं:

- दंड १/४: दर प्रश्नामागे सरासरी ०.१७ गुणांचा फायदा. बरोबरला ४ आणि चुकीला वजा १ ही अटही हीच आहे, तिथे फायदा ०.६७ गुणांचा.
- दंड १/३: फायदा ०.११ गुणांचा. आहे, पण बारीक.
- दंड १/२: शून्य. एका बरोबरने कमावलेलं दोन चुका खाऊन टाकतात.
- दंड १, म्हणजे जितके मिळतात तितकेच जातात: दर प्रश्नामागे ०.३३ गुणांचा तोटा. हात लावू नका.

पर्याय मुळात पाच असतील तर एक बाद झाल्यावर चार उरतात, आणि तीन चुकांचा दंड सोसावा लागतो. तिथे १/३ दंडावर फायदा शून्य होतो, आणि १/४ वर ०.०६ इतकाच राहतो. पाच पर्यायांच्या प्रश्नपत्रिकेत १/३ आणि १/४ चा फरक पुन्हा महत्त्वाचा होतो, तेव्हा तिथे फोटो जास्त बारकाईने वाचा.

हे आकडे "प" खूण असलेल्या प्रश्नांचे आहेत. "वा" असेल तर दंडानुसार किती चूक परवडते ते बघा. चार पर्यायांच्या प्रश्नात दंड १/४ असेल, तर बाद करण्यात ४० टक्क्यांपर्यंत चूक झाली तरी तोटा होत नाही, कारण त्या अटीत डोळे मिटून मारलेला तुक्काही किंचित फायद्यात असतो. दंड १/३ असेल तर मर्यादा २५ टक्के, म्हणजे नुसत्या "वाटलं"वर तिथे विसंबता येत नाही. दंड १/२ असेल तर एकाही चुकीला जागा नाही. तिथे दुसरा पर्यायही बाद होईपर्यंत प्रश्न कोरा सोडा.

सावध: एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असू शकतात अशा प्रश्नांना हा हिशोब लागू नाही. तिथे अंशतः गुण देण्याचे स्वतंत्र नियम असतात. फोटोत "एक किंवा अधिक" हे शब्द आहेत का ते विभागाच्या मथळ्यात शोधा. प्रत्येक प्रश्नाजवळ ते छापलेले नसतात.

टप्पा ६: तिघांतला कोणता?

मारायचं ठरलं, आता कुठे? इथे ग्रहांच्या प्रश्नाकडे परत येऊ. शब्द "जास्त" आहे, शनी पक्का बाद, दंड १/३. हिशोब म्हणतो मारा.

अर्धवट माहिती असलेला माणूस इथे बुधाकडे ओढला जातो. सूर्याच्या सर्वात जवळचा, खडकाळ, आत लोखंडाचा मोठा गाभा, म्हणजे हाच सर्वात घन. प्रत्यक्षात बुधाची सरासरी घनता दर घन सेंटिमीटरला ५.४३ ग्रॅम आहे आणि पृथ्वीची ५.५१. उत्तर पृथ्वी. प्रश्न काढणाऱ्याने बुध मुद्दाम ठेवलेला असतो, कारण अर्धवट आठवणाऱ्याचा हात तिथेच जातो.

म्हणूनच "तीनात एक" ही शक्यता गृहीत धरणं दर वेळी खरं नसतं. ओढ वाटेल तो पर्याय निवडत गेलात, तर तीनात एकापेक्षा जास्तही बरोबर येतील किंवा कमीही. ओढ ज्ञानातून आली असेल तर जास्त, सापळ्यातून आली असेल तर कमी.

यावर मी मुलांना असं सांगतो. एखाद्या पर्यायाच्या बाजूने सांगता येण्याजोगं कारण असेल तर तोच घ्या. नुसती ओढ असेल तर ओढ बाजूला ठेवा आणि परीक्षेआधी ठरवलेल्या नियमाने निवडा, उदाहरणार्थ उरलेल्यांतला सर्वात वरचा. उत्तरं चारही जागी सारखी विखुरलेली असतील तर असा नियम तुम्हाला तीनात एक मिळवून देतो, आणि सापळ्यापासून वाचवतो. शिवाय वेळ वाचतो. तुक्क्यावर दीड मिनिट घालवणं म्हणजे येणाऱ्या एका प्रश्नाचं दीड मिनिट घालवणं.

टप्पा ७: स्वतःची नोंद ठेवा

फोटोतल्या प्रश्नपत्रिकेचा खरा उपयोग इथे आहे. प्रत्यक्ष परीक्षेत कुठलं उत्तर तुक्का होतं हे नंतर आठवत नाही, सरावात ते लिहून ठेवता येतं. एक पर्याय बाद झालेल्या प्रत्येक प्रश्नासाठी चार रकाने करा: प्रश्न क्रमांक, कोणता बाद केला, "प" की "वा", काय निवडलं. उत्तरतालिका मिळाल्यावर दोन गोष्टी तपासा: निवडलेलं बरोबर आलं का, आणि बाद केलेलाच बरोबर होता का. दुसरी गोष्ट कोणी तपासत नाही.

समजा दंड १/३ आहे आणि काही प्रश्नपत्रिका मिळून असे ६० प्रश्न झाले. ४० "प", त्यांत बाद केलेला पर्याय फक्त २ वेळा बरोबर निघाला आणि तुमची १५ उत्तरं बरोबर आली. हिशोब: १५ वजा २५ चुकांचा एक-तृतीयांश, म्हणजे ६.६७ गुण जमा. २० "वा", त्यांत बाद केलेलाच ८ वेळा बरोबर निघाला आणि ४ उत्तरं बरोबर आली. ४ वजा १६ चा एक-तृतीयांश, म्हणजे १.३३ गुण खर्च. या विद्यार्थ्याने "प" वर मारत राहावं आणि "वा" सोडून द्यावं. दोन्ही एकत्र मोजले असते तर ५.३३ गुणांचा फायदा दिसला असता आणि गळती कळलीच नसती.

सावध: एकाच प्रश्नपत्रिकेवरून निष्कर्ष काढू नका. ३० प्रश्नांत सरासरी १० बरोबर यायला हवेत, पण ७ किंवा १३ येणं अगदी नेहमीचं आहे. दंड १/३ असताना तोटा सुरू होतो तो साडेसातच्या खाली, म्हणजे नशिबाचा खेळ आणि खरी चूक इथे वेगळी दिसतच नाही. ९० च्या आसपास नोंदी झाल्या की ३० अपेक्षित असतात आणि तोट्याची रेषा २२.५ वर असते. तेव्हा आकडा बोलू लागतो.

फोटोबरोबर फिरणारी हाताने लिहिलेली उत्तरतालिकाही चुकीची असू शकते. एखादं उत्तर पुस्तकाशी जुळत नसेल तर तो प्रश्न नोंदीतून काढा.

टप्पा ८: पेपरमधला क्रम

तुक्के वाटेत मारू नका. पहिल्या फेरीत येणारे प्रश्न सोडवा, अडलेल्यांसमोर बाद केलेल्या पर्यायावर काट आणि "प" किंवा "वा". दुसऱ्या फेरीत त्यांच्याकडे परत या, कारण पुढचा एखादा प्रश्न मागच्याचं उत्तर अनेकदा आठवून देतो. शेवटच्या काही मिनिटांत, ठरलेल्या नियमाने, एकदम सगळे तुक्के रंगवा. उरलेले "प" प्रश्न मोजा आणि मारायचे तर सगळे मारा. दोन-तीन निवडून मारलेत तर सरासरीला काम करायला जागाच मिळत नाही.

किती धोका पत्करताय हेही समजून घ्या. दंड १/३ आणि असे १२ प्रश्न असतील, तर सरासरी फायदा १.३३ प्रश्नांच्या गुणांइतका. पण अशा शंभर परीक्षा दिल्या तर साधारण ६१ वेळा फायदा होईल, २१ वेळा काहीच फरक पडणार नाही आणि १८ वेळा तोटा होईल. तोटा झालेल्या दिवशी पद्धत चुकली असं समजून पुढच्या पेपरला ती बदलू नका. बदल करायचा तो नोंदवहीतल्या आकड्यांवरून.

याला एक अपवाद आहे. एखाद्या विभागात किमान गुणांची अट असेल आणि पक्क्या उत्तरांवर तुम्ही ती जेमतेम पार करत असाल, तर त्या विभागात ०.११ च्या फायद्यासाठी १८ टक्क्यांचा धोका घेऊ नका. ते प्रश्न कोरे सोडा आणि तुक्के दुसऱ्या विभागात मारा. आणि किमान गुणांपर्यंत पोहोचतच नसाल, तर त्याच विभागातले "वा" सुद्धा रंगवा, कारण तिथे कोरं सोडून हाती काहीच लागणार नसतं.